रेडियमचं घड्याळ: रातपाळीच्या मनगटावरचा उजेड कुठून येतो?

या भागाचं निमित्त एक फोन आहे. माझी मामेबहीण एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात तिला सलग रातपाळी लागली, आणि चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "दादा, तू घड्याळांचं वाचत असतोस ना? मला एक रेडियमचं घड्याळ सुचव. आत्ताचं आहे ते रात्री तीन वाजता आंधळं होतं."

मी लगेच दोन-चार नावं सांगून मोकळा होणार होतो. पण ती "रेडियमचं" म्हणाली आणि मी तिथेच अडकलो. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्याला रेडियम म्हणतात. रिक्षाच्या मागचा स्टिकर रेडियमचा, ट्रकच्या फळीवरची लाल-पांढरी पट्टी रेडियमची, आणि नंबरप्लेटवर अक्षरं कापून देणाऱ्या दुकानाच्या पाटीवर तर सरळ 'रेडियम आर्ट' लिहिलेलं असतं. त्या स्टिकरमध्ये रेडियम नावालाही नसतं. तो स्वतः उजेड देतही नाही, तुमच्या हेडलाइटचा उजेड तुमच्याकडेच परत पाठवतो. पण शब्द राहिला. आणि तो राहिला याचं कारण असं की एके काळी घड्याळात खरोखरच रेडियम होतं.

म्हणून आज घड्याळ कुठलं घ्यायचं ते सांगेनच, पण इतिहासाच्या वाटेने. कारण अंधारात वेळ दाखवायची तर कुठून तरी उजेड आणावा लागतो, आणि गेल्या शंभर वर्षांत माणसाने तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणला. आज बाजारात जे पर्याय दिसतात ते त्यातूनच आले आहेत. तो उजेड कुठून येतो हे कळलं की आपल्याला कुठला लागतो हेही आपोआप कळतं.

पहिला उजेड: कधीच न विझणारा

क्युरी पती-पत्नींनी रेडियम शोधलं 1898 साली. पुढच्या चार-पाच वर्षांतच अमेरिकेत विल्यम हॅमर नावाच्या अभियंत्याने रेडियमचं मीठ आणि झिंक सल्फाइडची पूड एकत्र करून चमकणारा रंग तयार केला. यातली गंमत नीट समजून घेऊ, कारण झिंक सल्फाइड पुढेही येणार आहे. रेडियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अल्फा कण बाहेर पडतात. असा कण झिंक सल्फाइडच्या दाण्यावर आदळला की तिथे एक बारीकशी ठिणगी चमकते. दर सेकंदाला अशा असंख्य ठिणग्या पडल्या की आपल्या डोळ्याला सलग हिरवट उजेड दिसतो. म्हणजे चमकते ती पूड, रेडियम तिला फक्त अखंड टोले देत राहतं. त्याला उन्हात ठेवावं लागत नाही, सेल लागत नाही, बटणही लागत नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना असंच घड्याळ हवं होतं. काडी पेटवून वेळ बघितली तर समोरून गोळी यायची. मागणी वाढली आणि अमेरिकेत तबकड्या रंगवायचे कारखाने उभे राहिले. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात 1917 पासून एक मोठा कारखाना होता. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी शहरात वॉटरबरी क्लॉक कंपनी इंगरसॉल या नावाने विकली जाणारी स्वस्त घड्याळं बनवायची, तिथेही हे काम चाले. वॉटरबरी हे नाव लक्षात ठेवा.

रंगवायचं काम तरुण मुलींकडे होतं. आकडे बारीक, त्यामुळे ब्रशचं टोक अणकुचीदार हवं. टोक पसरलं की ओठांत धरून नीट करायचं, रंगात बुडवायचं आणि आकडा काढायचा, अशी पद्धत त्यांना शिकवलेली होती. रंग निरुपद्रवी आहे असं त्यांना सांगितलं होतं. त्याच कारखान्यात रेडियम हाताळणारे रसायनतज्ज्ञ मात्र चिमटे आणि शिशाचे पडदे वापरत होते. घरी जाताना मुलींचे केस आणि कपडे अंधारात चमकायचे.

रासायनिक दृष्ट्या रेडियम कॅल्शियमचं भावंडं आहे. पोटात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि थेट हाडांत नेऊन बसवतं. तिथे बसून ते आयुष्यभर तेच टोले देत राहतं. आधी दात पडायला लागले, मग जबड्याचं हाड झिजून तुटायला लागलं, मग पाठीचा कणा. 1925 मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी हा आजार रेडियममुळेच होतो हे दाखवून दिलं. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. जून 1928 मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला 10,000 डॉलर, वर्षाला 600 डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा रंग बाजारात आणणारे साबिन फॉन सोचोकी स्वतःही रेडियमच्याच परिणामांनी गेले. ग्रेस फ्रायर 1933 मध्ये गेली.

घड्याळ घेणाऱ्याला काही करावं लागत नव्हतं, ते यासाठी. त्या उजेडाची किंमत आधीच दुसऱ्या कुणीतरी चुकवलेली होती.

आजोबांच्या कपाटातलं घड्याळ

इथे जरा घरातली गोष्ट सांगतो. माझे आजोबा रेल्वेत केबिनमन होते. रात्री केबिनमध्ये उजेड बेताचाच ठेवायचा, नाहीतर बाहेरचे सिग्नल दिसत नाहीत. त्यांच्याकडे मुंबईत घेतलेलं एक जुनं स्विस घड्याळ होतं, आकड्यांवर आणि काट्यांवर जाड, पिवळसर रंग दिलेलं. ते अजून आमच्याकडे आहे. लहानपणी आम्ही ते पांघरुणात नेऊन बघायचो, पण ते चमकायचं नाही. आम्हाला वाटायचं, रेडियम संपलं.

खरं उलट आहे. रेडियमचं अर्ध-आयुष्य 1600 वर्षं. आजोबांच्या घड्याळातलं रेडियम जवळजवळ सगळंच्या सगळं शिल्लक आहे. मेली ती झिंक सल्फाइडची पूड. सतत अल्फा कणांचे टोले खाऊन दाणे काही वर्षांत निकामी होतात. म्हणजे घड्याळ विझलेलं दिसतं, पण किरणोत्सर्ग चालूच असतो.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल तर ओळखायचं कसं? रंग तपकिरी, करपल्यासारखा आणि भेगाळलेला दिसतो. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबले असतील तर त्यांच्याखाली तबकडीवर सावलीसारखा जळका डाग पडलेला असतो. टॉर्च मारली तरी ते चमकत नाही, किंवा क्षणभर चमकून लगेच विझतं. शंका असेल तर एकच करायचं: ते उघडायचं नाही. बंद घड्याळ कपाटात पडून आहे तोवर फारसा प्रश्न नाही. झाकण काढून तो ठिसूळ रंग खरवडला आणि त्याची धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली, की आपणही त्या मुलींच्याच वाटेने निघालो. मी स्वतः हौसेने ते घड्याळ उघडून साफ करायला निघालो होतो. तबकडीवरचा तो डाग बघितला आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

रेडियमनंतर घड्याळवाले ट्रिटियमकडे वळले. हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ. त्याचे कण इतके दुबळे की घड्याळाची काचसुद्धा ओलांडू शकत नाहीत. पण अर्ध-आयुष्य 12.3 वर्षं, म्हणजे बारा वर्षांत उजेड निम्मा, पंचवीस वर्षांत पाव. जुन्या तबकडीवर अगदी खाली, सहाच्या आकड्याजवळ, बारीक अक्षरात 'T' दिसला तर तो ट्रिटियमचा. आजही काही घड्याळांत हा वायू बारीक काचेच्या नळ्यांत भरून बसवतात. ती रात्रभर सारखीच चमकतात, महाग असतात, आणि त्यांचा उजेड मुळातच मंद असतो. तो मंदपणा कुठे नडतो ते पुढे येईल.

दुसरा उजेड: आधी भरून ठेवलेला

आज दुकानदार ज्याला 'रेडियम' किंवा इंग्रजी वळणाने 'ल्यूम' म्हणतो, तो प्रकार आला 1993 साली, जपानमधल्या नेमोटो कंपनीकडून. ही कंपनी आधी किरणोत्सर्गी रंगाचंच काम करायची. त्यांनी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट या पदार्थात युरोपियम आणि डिस्प्रोशियम यांचा अंश मिसळला आणि त्याला ल्युमिनोव्हा हे नाव दिलं. यात किरणोत्सर्ग अजिबात नाही. हा पदार्थ उजेड पितो, साठवतो आणि मग अंधारात सावकाश सोडतो. साठवणारी साधी झिंक सल्फाइडची पूड आधीही होती, पण ती काही मिनिटांत विझायची. ही कितीतरी जास्त उजळ आणि रात्रभर तग धरणारी निघाली.

'रात्रभर' हा शब्द मात्र फसवा आहे, आणि माझ्या बहिणीचं घड्याळ तीन वाजता आंधळं होतं त्याचं मूळ इथे आहे. खाली बारीक भोक असलेला माठ डोळ्यांसमोर आणा. तोंडापर्यंत भरलेला असताना धार जोरात लागते. पाणी उतरलं की धार मंद होते, पुढे नुसतं थेंब थेंब, आणि ते मात्र बराच वेळ चालू राहतं. ल्यूमचं तसंच आहे. ढोबळ हिशेब असा की अंधारात गेल्यापासून वेळ दहापट झाला की उजेड साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. दहाव्या मिनिटाला जो उजेड होता, त्याचा दहावा भाग शंभराव्या मिनिटाला उरतो. सहा तासांनी छत्तिसावा भाग.

मग सहा तासांनी दिसतं कसं? कारण दरम्यान आपला डोळाही बदलतो. अंधारात वीस-तीस मिनिटं बसलं की डोळा कित्येक पटींनी संवेदनशील होतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला नेमका निळसर-हिरवा रंगच सगळ्यात चांगला दिसतो. ल्यूमचा रंग हिरवा ठेवतात तो यासाठीच. म्हणजे पहाटेचा ल्यूम वाचायचा तर घड्याळाबरोबर डोळाही अंधारात मुरलेला हवा.

मी घरी करून बघितलं. बऱ्यापैकी ल्यूम असलेलं एक घड्याळ दहा मिनिटं ट्यूबलाइटखाली ठेवलं आणि खोली पूर्ण अंधारी केली. सुरुवातीला सेकंद-काटासुद्धा लख्ख दिसत होता. अर्ध्या तासाने काटे स्पष्ट, पण बारीक खुणा एकमेकांत मिसळायला लागल्या. तीन तासांनी मी बाहेरच्या उजेडातून खोलीत आलो तर काहीच दिसेना. पंधरा मिनिटं तसाच बसलो, तेव्हा तास-काटा आणि मिनिट-काटा हळूहळू उमटले. मग मी झिरोचा बल्ब लावला, आणि ल्यूम पुन्हा गायब.

या झिरोच्या बल्बमुळेच मला प्रश्न खरा कळला. रातपाळीत किर्र अंधार क्वचितच असतो. वॉर्डात, गोदामात, सोसायटीच्या गेटवर कुठेतरी एक मिणमिणता दिवा असतोच. तो इतका मंद असतो की त्यावर ल्यूम भरत नाही, आणि इतका उजळ असतो की डोळा पूर्ण सरावत नाही. या धूसर उजेडात उतरलेला ल्यूम हरतो, आणि ट्रिटियमच्या नळ्यांचा मंद उजेडही फिका पडतो. अशा ठिकाणी चक्क पांढऱ्या तबकडीवरचे जाड काळे काटे जास्त बरे दिसतात.

तिसरा उजेड: मागितला तरच येणारा

आता वॉटरबरीला परत जाऊ. मुलींच्या हातून रेडियम रंगवून घेणारी ती वॉटरबरी क्लॉक कंपनी पुढे नाव आणि मालक बदलत बदलत टाइमेक्स झाली. त्याच टाइमेक्सने 1992 साली इंडिग्लो नावाचा बॅकलाइट आणला. बटण दाबलं की सगळी तबकडी एकसारखी निळसर-हिरवी उजळते आणि काटे किंवा आकडे काळ्या सावलीसारखे उठून दिसतात.

त्याआधी घड्याळात दिवा नव्हता असं नाही. 1972 मध्ये आलेल्या पल्सर या पहिल्या इलेक्ट्रॉनिक डिजिटल घड्याळाचे लाल आकडे स्वतःच चमकायचे, पण सेल इतका खायचे की बटण दाबल्याशिवाय दिवसासुद्धा वेळ दिसत नसे. म्हणजे एका हातावरचं घड्याळ बघायला दुसरा हात लागायचा. त्यानंतरच्या डिजिटल घड्याळांत कोपऱ्यात एक इवलासा बल्ब किंवा एलईडी आला. तो एका बाजूचे आकडे उजळायचा आणि दुसऱ्या बाजूचे अंधारातच ठेवायचा. स्वस्त घड्याळांत हे आजही दिसतं.

इंडिग्लोमागचं शास्त्र जुनं होतं. 1936 मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज देस्त्रियो यांनी दाखवलं होतं की एका विशिष्ट पुडीवर दिशा बदलणारा विद्युतदाब दिला की ती चमकते. आणि ती पूड कुठली? झिंक सल्फाइड. रेडियमच्या रंगातलीच. फक्त इथे तिला टोले देतं ते किरणोत्सर्गी अणूंऐवजी सेलच्या विजेचं. घड्याळाच्या आत एक छोटं सर्किट सेलचे दीड किंवा तीन व्होल्ट शंभर व्होल्टच्या वर नेतं. शांत खोलीत बटण दाबून घड्याळ कानाशी धरलं तर बारीक, डासासारखी गुणगुण ऐकू येते, ती त्याची. त्याच शहरातली कंपनी सत्तर वर्षांनी त्याच पुडीपाशी परत आली, पण या वेळी कुणाचा जबडा न झिजवता.

26 फेब्रुवारी 1993 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. वीज गेली, जिन्यांत धूर आणि काळोख. तेव्हा एका माणसाने आपल्या इंडिग्लो घड्याळाच्या उजेडात बरोबरच्या लोकांना पायऱ्या दाखवत खाली आणलं. ही गोष्ट तिकडे बरीच गाजली. यातला मुद्दा बघा. तो माणूस बटण दाबेल तेव्हा उजेड हजर होता. मघाशी घड्याळ उन्हात होतं की बाहीखाली, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बॅकलाइटचं बळ हे आहे: पहाटे पाच वाजताही तो रात्री दहाइतकाच उजळ असतो, आणि झिरोच्या बल्बला तो हरत नाही.

किंमत दोन प्रकारे द्यावी लागते. एक म्हणजे सेल. स्वस्त डिजिटल घड्याळावर 'सात वर्षं बॅटरी' लिहिलेलं असतं, पण सोबतची पुस्तिका वाचली तर तो हिशेब दिवसातून एकदा, दीड-दोन सेकंद दिवा लावण्याचा असतो. रातपाळीवाला माणूस एका रात्रीत चाळीस वेळा तरी बटण दाबेल. दर वेळी तीन सेकंद धरले तर 120 सेकंद. दिव्याला 5 मिलीअँपिअर लागतात असं समजू, म्हणजे रोज साधारण 0.17 मिलीअँपिअर-तास दिव्यात गेले. घड्याळ चालवायला रोज 0.03 लागतात, म्हणजे दिवा घड्याळाच्या पाच-सहापट खातो. दोन्ही मिळून 0.2. नेहमीच्या बटण-सेलमध्ये 90 मिलीअँपिअर-तास धरले तर तो साडेचारशे दिवस चालेल. सात वर्षांचं सव्वा वर्ष झालं. सेल स्वस्त असतो, तेव्हा ही काही मोठी अडचण नाही, पण "घड्याळ खराब निघालं" म्हणून चिडण्याआधी हा हिशेब माहीत असावा. शिवाय सेल उतरत आला की बहुधा आधी दिवा फिका पडतो, वेळ चालूच राहते. दिवा लावल्यावर आकडे क्षणभर पुसट झाले तर सेल बदलायची वेळ आली असं समजायचं.

दुसरी किंमत म्हणजे दुसरा हात. आणि इथेच माझ्या बहिणीचा प्रश्न येतो.

तिच्या वॉर्डातली रात्र

मी तिला विचारलं, "तीन वाजता तू घड्याळात नक्की काय बघतेस?" ती म्हणाली, "किती वाजले ते नाही रे. नाडी मोजते."

वॉर्डात दाराशी एक मंद दिवा. पेशंट झोपलेला. त्याला न उठवता, मोठा दिवा न लावता, एका हाताची बोटं त्याच्या मनगटावर आणि दुसऱ्या हातात छातीला अडकवलेलं घड्याळ उचलून धरलेलं, कारण त्यांच्याकडे मनगटावर घड्याळ चालत नाही. नजर सेकंद-काट्यावर आणि मनात ठोक्यांची मोजणी. आधी तिच्याकडे बॅकलाइटचं डिजिटल होतं. तीन सेकंदांत दिवा विझायचा, आणि पुन्हा दाबताना घड्याळ हलायचं, मोजणी चुकायची. म्हणून तिने 'रेडियमचं' घेतलं. त्याच्या बारा खुणांवर बारीक ठिपके होते, तास-मिनिटांच्या काट्यांवर नावापुरती रेघ होती, आणि सेकंद-काट्यावर काहीच नव्हतं.

चूक किती होऊ शकते ते बघा. पंधरा सेकंदांत 22 ठोके मोजले, चारने गुणले, 88 झाले. पण सेकंद-काटा नीट न दिसल्याने प्रत्यक्षात सतरा सेकंद गेले असतील, तर खरी नाडी 78 आहे. कागदावर 88 लिहिलं जातं. दोन तासांनी दुसरी कुणी बरोबर मोजून 78 लिहिते, आणि नाडी उतरली असं वाटतं. ती म्हणाली, "म्हणून मी सरळ मोबाइलचा टॉर्च लावायला लागले. मग पेशंट जागा होतो, आणि जागा झाला की नाडी वाढते."

तेव्हा तिचा प्रश्न 'ल्यूम की बॅकलाइट' इतका सरळ नव्हता. तिला सलग अर्धा मिनिट दिसणारा सेकंद-काटा हवा होता, आणि बटण दाबायला तिसरा हात नव्हता. म्हणजे बॅकलाइट बाद. उरला ल्यूम. पण तो पहाटे उतरतो, त्याचं काय? मी विचारलं, "दोन फेऱ्यांच्या मध्ये तू कुठे बसतेस?" नर्सिंग स्टेशनवर, ट्यूबलाइटखाली. मग तर काम झालं. तिचा माठ दर तासा-दोन तासांनी भरता येतो. फक्त तो उघडा हवा. तिचं घड्याळ थंडीत स्वेटरच्या आत लटकलेलं असायचं. उजेडाखाली तासभर बसूनही त्याला थेंबभर उजेड मिळत नव्हता.

मी तिला डायव्हरसाठी असतं त्या जातीचं घड्याळ घ्यायला सांगितलं. समुद्रात उतरायचं म्हणून नाही. डायव्हरच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 असं एक मानक आहे. त्यात दोन गोष्टी सक्तीच्या आहेत: अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे हे अंधारातही दिसलं पाहिजे. या दुसऱ्या अटीमुळे सेकंद-काट्यावर ल्यूमचा चांगला ठसठशीत ठिपका असतो. नाडी मोजायला नेमका तोच लागतो. जड पट्टा काढून छोटी कापडी पट्टी लावली आणि सहाचा आकडा वर येईल असं खिशाला अडकवलं, म्हणजे उचलून बघताना ते सरळ दिसतं. फेरीला निघण्याआधी दोन मिनिटं ट्यूबलाइटच्या अगदी जवळ, किंवा पेन-टॉर्च काचेला लावून वीस सेकंद. टॉर्च पांढऱ्या एलईडीची हवी. ल्यूम भरतो तो उजेडातल्या निळ्या भागाने, पिवळ्या बल्बने तो फारसा भरत नाही.

दुकानात काय बघायचं

आपण सगळे दुकानात एकच करतो: घड्याळावर ओंजळ धरून आत डोकावतो आणि "वा, काय चमकतंय" म्हणतो. ते बघण्यात काही अर्थ नाही, कारण माठ तेव्हा काठोकाठ भरलेला असतो. घड्याळ काउंटरच्या दिव्याखाली ठेवायला सांगा, मग ड्रॉवरमध्ये बंद करायला सांगा, आणि बाहेर जाऊन चहा पिऊन या. वीस मिनिटांनी ओंजळीत बघा. तेव्हा तास-काटा कुठला आणि मिनिट-काटा कुठला हे एका नजरेत ओळखता आलं तर ते घड्याळ तुमचं. ल्यूम जितका जाड आणि रुंद लावलेला, तितका माठ मोठा. कडेला नुसते ठिपके असतील तर तिथूनच परत फिरा.

बॅकलाइटचं घेणार असाल तर दिवा लावून चारही कोपरे बघा, सगळे आकडे सारखे उजळले पाहिजेत. फिक्या पार्श्वभूमीवर काळे आकडे असलेलं घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर फिके आकडे दिवसा छान दिसतात, पण मंद उजेडात वाचायला त्रास देतात. आणि हातमोजे घालून काम असेल तर ते घालूनच बटण दाबून बघा.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री एक वॉचमन काका बसतात. त्यांना मी बहिणीसारखं घड्याळ सुचवणार नाही. ते दहा ते सहा एकाच मिणमिणत्या दिव्याखाली असतात, माठ भरायला जागाच नाही. त्यांना सेकंद नकोत, दुसरा हात मोकळा असतो, आणि रजिस्टरमध्ये गाडीची वेळ लिहायला आकडे हवेत. त्यांना मोठ्या आकड्यांचं, बॅकलाइटचं साधं डिजिटल पुरतं. वर्षा-सव्वा वर्षाने सेल बदलायचा, बस.

बहिणीचा परवा मेसेज आला. पहाटे चारची फेरी, वॉर्ड अंधारा, पेशंट झोपेत, नाडी 76, तीस सेकंद पूर्ण मोजलेली. खाली लिहिलं होतं, "दादा, रेडियम मस्त आहे."

ते रेडियम नाही हे मी तिला आता सांगत बसत नाही. खरं रेडियम आमच्याकडे एकच आहे, आजोबांच्या कपाटात. त्या घड्याळाला मी आता एक डबा केलाय आणि वर चिठ्ठी चिकटवलीय: 'उघडू नये.' कधीकाळी कुणीतरी खऱ्या रेडियमने काढलेले आकडे आहेत ते.

भेटू पुढच्या भागात.